लेहला उणे १६ दाखवतंय, बॅगेवर '0' आणि '20' लिहिलंय. कुठली न्यावी? (फॅरेनहाइटचा घोळ)

रावेरचा केळीवाला · रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. जानेवारीत आम्ही चौघं मित्र लेहला जाऊन येणार आहोत. एरवी आमच्याकडं पारा दहाच्या खाली आला की केळीला चरका बसेल म्हणून बागेत जागरण. आता हौसेनं उणे सोळात निघालोय, बायको म्हणते डोकं फिरलंय.

मुद्दा असा. पुतण्या अमेरिकेहून आला तेव्हा दोन स्लीपिंग बॅगा टाकून गेला. एकीवर मोठ्या अक्षरात '20' आणि दुसरीवर '0'. मला वाटलं, शून्याची म्हणजे पाणी गोठतं तिथपर्यंत चालणारी आणि वीसची म्हणजे आपल्या महाबळेश्वरला न्यायची. पुतण्या फोनवर म्हणाला, काका तो आकडा फॅरेनहाइट आहे, तुमच्या हवामानाचा आकडा फॅरेनहाइटमध्ये करा आणि ताडून बघा.

मोबाइलवर लेहचा अंदाज रात्री उणे १६, दिवसा उणे २ असा आहे. एक रात्र पँगाँगला मुक्काम करायचा विचार आहे, तिथला अंदाज उणे २४. मी शाळेतलं सूत्र लावलं. १६ गुणिले ९ भागिले ५ म्हणजे २८.८, त्यात ३२ मिळवले, ६०.८. आणि थंडी उणे आहे म्हणून पुढं उणे लावलं. उणे ६०.८ फॅरेनहाइट! मग तर '0' वाली बॅग काय, गादीचं दुकान नेलं तरी पुरणार नाही. कुठं चुकतंय?

---

धुळेकर भो · रात्री ९:३०

भो, कितली थंडी शे ती! उणे ६० म्हणजे माणूस विमानातून उतरायच्या आधीच बर्फ.

इतकं अवघड करू नका. सोपी युक्ती: दुप्पट करा आणि ३० मिळवा. उणे १६ ची दुप्पट उणे ३२, त्यात ३० मिळवले की उणे २. झालं. शून्याच्या बॅगेपेक्षा दोन अंश जास्त थंडी, म्हणजे बॅग कमी पडणार. नवी घ्या नाहीतर दोन बॅगा एकात एक घाला.

मी गेली सात-आठ वर्षं हेच करतो, दुबईत होतो तेव्हापासून. कधी चुकलं नाही.

---

पारोळ्याचा माजी फौजी · रात्री ९:४४

लेहला राहून आलोय, म्हणून दोन शब्द. हॉटेलात किंवा घरी मुक्काम असेल तर खोलीत बुखारी म्हणजे खोली तापवणारी शेगडी असते आणि रजायांचा ढीग देतात. बॅग लागेलच असं नाही. रात्री पाण्याची बाटली उशाशी घेऊन झोपा, खिडकीत ठेवली तर सकाळी हातोडा लागतो. मोबाइल अंगरख्याच्या आतल्या खिशात ठेवा, बॅटरी बसते.

आकड्यांचं मला विचारू नका, आम्हाला हुकूम असायचा, घाला म्हटलं की घालायचं.

---

अमळनेरचे गुरुजी · रात्री १०:०५

रावेरकर, तुमचा गुणाकार बरोबर आहे. चूक एकच आहे, आणि ती छत्तीस वर्षं फळ्यावर बघत आलो. तुम्ही उणे हा शब्द बाजूला काढून ठेवलात, बाकीचं गणित कोमट हवेचं केलंत आणि शेवटी तो शब्द परत चिकटवलात. जो ३२ तापमानाला वर ओढायचा, तो तुमच्याकडं खाली ओढायला लागला.

मराठीत आपल्याकडं दोन शब्द आहेत हे भाग्यच म्हणायचं. 'उणे सोळा' ही एक जागा आहे. 'वजा सोळा' ही कृती आहे. इंग्रजी माध्यमाची पोरं दोन्हीला मायनस म्हणतात आणि गोंधळतात.

आता विहीर डोळ्यासमोर आणा. तुमच्या रावेरकडं काय ते विहिरीत बोअर मारतात, तसली. विहिरीचा काठ म्हणजे शून्य सेल्सिअस, पाणी गोठतं ती जागा. काठापासून विहीर ३२ फूट खोल आहे, आणि तिचा तळ म्हणजे शून्य फॅरेनहाइट. तळाच्या खाली बोअर. सेल्सिअसची एक पायरी १.८ फुटांची. बास, एवढंच चित्र.

उणे १६ म्हणजे काठावरून १६ पायऱ्या खाली. १६ गुणिले १.८ म्हणजे २८.८ फूट उतरलात. विहीर ३२ फुटांची. मग तळापासून तुम्ही किती वर आहात? ३२ वजा २८.८, म्हणजे ३.२ फूट. उत्तर ३.२ फॅरेनहाइट. उणे नाहीच, अधिक आहे.

पँगाँगचं बघा. २४ पायऱ्या, प्रत्येकी १.८, म्हणजे ४३.२ फूट. विहीर तर ३२ लाच संपली. मग ११.२ फूट बोअरमध्ये गेलात. म्हणून उणे ११.२ फॅरेनहाइट. इथं उणे लागलं, कारण तळ ओलांडला.

म्हणजे गणित करताना उण्याची खूण हातात धरून ठेवायची गरजच नाही. पायऱ्या मोजा, फूट करा, ३२ शी ताडून बघा. कमी भरले तर विहिरीतच आहात, जास्त भरले तर बोअरमध्ये. तळ नेमका उणे १७.८ सेल्सिअसला लागतो. त्याच्या वरची सगळी उणे सेल्सिअस तापमानं फॅरेनहाइटमध्ये अधिकच असतात, आणि हीच गोष्ट लोकांच्या मनाला पटत नाही. उणे आहे म्हणजे उत्तरही उणे यायलाच हवं असं वाटतं.

---

रावेरचा केळीवाला · रात्री १०:२१

गुरुजी, बोअर म्हटल्यावर लगेच उतरलं डोक्यात. आमच्याकडं विहीर बोअरशिवाय चालतच नाही.

मग '0' वाली बॅग म्हणजे विहिरीचा तळ, उणे १७.८. लेहची उणे १६ त्याच्या दोन पायऱ्या वर. म्हणजे लेहला चालली. पँगाँगला मात्र नाही?

आणि '20' वाली?

---

अमळनेरचे गुरुजी · रात्री १०:३८

तळापासून २० फूट वर, म्हणजे काठापासून १२ फूट खाली. १२ भागिले १.८, ६.७ पायऱ्या. उणे ६.७ सेल्सिअस. ती महाबळेश्वरला नेलीत तर घाम फुटेल, आणि लेहच्या रात्री तिच्यात जागरण होईल.

धुळेकर, तुमची युक्ती मोडीत काढत नाही. पण ती दुबईत कामाची होती, इथं नाही. नीट सांगतो. तुम्ही १.८ ऐवजी २ धरता आणि ३२ ऐवजी ३०. या दोन चुका एकमेकींना दहा अंश सेल्सिअसला फेडतात, तिथं तुमचं उत्तर अगदी ५० येतं. तिथून वर तीस-पस्तीसपर्यंत गेलात तरी चार-पाच अंशांचाच फरक, आणि उन्हाळ्यात कोण मोजतो? पण शून्याच्या खाली गेलं की दोन्ही चुका एकाच दिशेला जातात. उणे १० ला खरं १४, तुमचं १०. उणे ३० ला खरं उणे २२, तुमचं उणे ३०. प्रत्येक दहा पायऱ्यांना आणखी दोन अंशांनी घसरतं.

आणि उणे १५ ते उणे १७.८ च्या पट्ट्यात तर चिन्हच उलटं होतं. तुम्ही म्हणालात उणे २, खरं ३.२. रावेरकरांचा लेहचा आकडा नेमका त्याच पट्ट्यात बसला. दुप्पट आवडत असेल तर करा, पण त्यातून दहावा हिस्सा काढा. १६ ची दुप्पट ३२, दहावा हिस्सा ३.२, उरले २८.८ फूट. मग ते ३२ मधून काढा.

---

धुळेकर भो · रात्री १०:५०

मान्य गुरुजी. पण माझ्या युक्तीनं थंडी जास्तच दाखवली ना? जास्त कपडे घेतले तर कुणी मरत नाही. म्हणजे चुकलो तरी सुरक्षित बाजूला चुकलो.

---

अमळनेरचे गुरुजी · रात्री १०:५९

कपड्यांपुरतं खरं आहे. पण तुम्ही त्यांना नवी बॅग घ्यायला सांगत होतात, आणि खिसा त्यांचा होता.

---

नंदुरबारचा कारकून · रात्री ११:१६

माझी एक भर, अनुभवातून आलेली. आमच्या ऑफिसातले आठ जण मागच्या डिसेंबरात काश्मीरला गेले. मी हौसेनं एक्सेलमध्ये दहा दिवसांचा अंदाज चिकटवला आणि फॅरेनहाइटचा रकाना केला. सूत्र अगदी साधं:

```
=A2*9/5+32
```

सगळ्या उणे आकड्यांसमोर #VALUE! आलं. अधिकचे आकडे नीट. एक सहकारी म्हणाले, साहेब, ती पुढची रेघ काढून टाका, मग चालतं. काढली, चाललं. उणे ९ च्या जागी ४८.२ आलं, आणि आम्ही ते छापून वाटलंसुद्धा. लोक म्हणाले, अरे वा, गुलमर्गला आपल्यासारखंच हवामान.

कारण नंतर कळलं. वेबसाइटवरून उचललेलं उणेचं चिन्ह आपल्या कीबोर्डवरचं नसतं. दिसायला तीच रेघ, किंचित लांब. एक्सेल तिला चिन्ह मानत नाही, अक्षर मानतं, आणि त्या खान्यातल्या आकड्याला मजकूर समजतं. रेघ काढायची नसते, बदलायची असते:

```
=SUBSTITUTE(A2,UNICHAR(8722),"-")*9/5+32
```

याने उणे ९ चे १५.८ येतात. गुरुजींच्या विहिरीतूनही पडताळलं: ९ गुणिले १.८ म्हणजे १६.२, ३२ वजा १६.२ म्हणजे १५.८. एक्सेलला उणे आवडलं नाही तर त्याच्यावर विश्वास ठेवायच्या आधी रेघ हातानं परत टाइप करून बघा.

---

चोपड्याचा किराणा · सकाळी ७:०८

गुरुजी, नमस्कार. दुकानातल्या मोठ्या बटणांच्या कॅल्क्युलेटरवर तुमची पद्धत करून पाहिली. उणे २० घेतलं. ३२ − २० × १.८ = असं दाबलं, २१.६ आलं. तुम्ही म्हणता २० पायऱ्या म्हणजे ३६ फूट, ३२ च्या पुढं ४, म्हणून उणे ४. मग माझं यंत्र खोटं की तुमची विहीर?

---

अमळनेरचे गुरुजी · सकाळी ८:१५

दोन्ही खरी. दुकानातलं कॅल्क्युलेटर जे दाबाल ते दाबताक्षणी करतं. त्यानं आधी ३२ मधून २० काढले, १२ उरले, मग त्यांना १.८ ने गुणलं. म्हणजे विहिरीतून फुटांच्या ऐवजी पायऱ्याच वजा केल्या. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर हेच दाबलंत तर बहुतेक वेळा उणे ४ येईल, कारण ते गुणाकार आधी करतं.

तुमच्या यंत्रावर आधी २० × १.८ दाबा, ३६ बघा, मग − ३२ दाबा. ४ आलं म्हणजे ४ फूट बोअरमध्ये, उत्तर उणे ४. उणे १६ ला असंच केलंत तर यंत्र उणे ३.२ दाखवेल. म्हणजे ३२ पर्यंत अजून ३.२ बाकी, विहिरीतच आहात, उत्तर अधिक ३.२. यंत्रावरची खूण शेवटी उलटी वाचायची, एवढं ध्यानात ठेवा.

---

चोपड्याचा किराणा · सकाळी ८:२९

जमलं. आणि आणखी एक कळलं. पहिल्यांदा एसी दाबायला विसरलो होतो, पडद्यावर ३.२ शिल्लक होतं, त्यावर − १६ × १.८ + ३२ दाबलं. यंत्रानं ३.२ मधून १६ काढून उणे १२.८ धरलं आणि शेवटी उत्तर दिलं ८.९६. ते खरं वाटण्यासारखंच होतं, म्हणून धोका. आधी उधारीच्या हिशेबातही असंच झालं असेल का, असा विचार करतोय.

---

शहाद्याची सुनीता · सकाळी ९:०२

जरा वेगळं विचारते. लेकीला काल ताप होता, १०२. डॉक्टरीणबाई सेल्सिअसमध्ये विचारत होत्या. तेही या विहिरीनं होतं का?

---

अमळनेरचे गुरुजी · सकाळी ९:२०

होतं, पण तो काठाच्या वरचा मामला आहे. १०२ मधून ३२ काढा, ७०. त्याला १.८ ने भागा, ३८.९. आता कसं आहे लेकरू? ताप उतरत नसेल तर गणित सोडा आणि दाखवून या.

---

भुसावळची ताई · सकाळी ९:४८

सगळं वाचलं, आणि माझ्या तर घोटाळ्यात भर पडली.

माझी लेक मिनियापोलिसला आहे. पुढच्या महिन्यात मी आणि हे, दोघं जाणार. पहिल्यांदाच. लेकीचा काल मेसेज होता, "आई, उद्या हाय मायनस फाइव्ह, कोट चांगला घे." मी म्हटलं उणे पाचच ना, त्यात काय, दोन स्वेटर, वर शाल. आमच्या शेजारच्या काकूंनी तर त्या थंडीत वॉकला जायचं ठरवून दिलं.

इथं वाचल्यावर शंका आली. अमेरिकेत तापमान फॅरेनहाइटमध्येच सांगतात ना? मग मी उलटं करून पाहिलं. ३२ मधून ५ काढले, २७. भागिले १.८, १५. म्हणजे उणे १५ सेल्सिअस. बरोबर का गुरुजी? मला तर उणे १५ ऐकूनच हुडहुडी भरली.

---

अमळनेरचे गुरुजी · सकाळी १०:०६

ताई, भरू द्या, अजून थोडी भरणार आहे.

२७ फूट हे अधिक ५ चं उत्तर आहे. अधिक ५ म्हणजे तळाच्या पाच फूट वर. लेक म्हणते उणे ५, म्हणजे तळाच्या पाच फूट खाली, बोअरमध्ये. काठापासून मोजा: पूर्ण विहीर ३२, शिवाय बोअरचे ५, एकूण ३७ फूट. ३७ भागिले १.८, साधारण २०.६ पायऱ्या. म्हणजे दिवसाचं कमाल तापमान उणे २०.६ सेल्सिअस. कमाल हो, म्हणजे दिवसभरात चढलंच तर इतकं.

हीच जागा लोक सगळ्यात जास्त चुकतात. सूत्रात लिहिलंय फॅरेनहाइट वजा ३२. आकडा आधीच उणे असेल तर वजा केल्यावर तो आणखी खाली जातो. उणे ५ वजा ३२ म्हणजे उणे ३७. पण डोक्यात ५ आणि ३२ यांतला फरक काढायची सवय असते, म्हणून २७ येतं. विहिरीत हे चुकूच शकत नाही, कारण बोअरमध्ये असलेला माणूस तळापेक्षा खोल आहे, वर नाही.

शाल ठेवा घरी लागेल म्हणून, पण कोट घ्याच.

---

भुसावळची ताई · सकाळी १०:१७

उणे वीस! यांना वाचून दाखवलं, ते म्हणतात भरीत पार्टी झाल्यावर मार्चमध्येच जाऊ.

---

पारोळ्याचा माजी फौजी · सकाळी ११:०३

रावेरकर भाऊ, बॅगेवर परत येतो. गणितानं लेहला '0' वाली चालते हे ठीक आहे. पण बऱ्याच बॅगांवर मोठ्या अक्षरात जो आकडा असतो तो आरामाचा नसतो, निभावून नेण्याचा असतो. आरामाचा आकडा कधी कधी आत शिवलेल्या छोट्या पट्टीवर असतो आणि तो मोठ्या आकड्याच्या वरचा असतो. बायकांसाठी आरामाचा आणि पुरुषांसाठी निभावण्याचा असे दोन आकडे धरून चाचणी करतात. पट्टी बघा आणि सांगा.

---

रावेरचा केळीवाला · दुपारी १२:४०

पट्टी सापडली फौजीदादा. बारीक इंग्रजी अक्षरं, चष्मा काढून वाचली. '0' च्या बॅगेत आरामाचा आकडा 14 दिलाय, फॅरेनहाइटच. म्हणजे तळाच्या १४ फूट वर, काठाखाली १८ फूट, दहा पायऱ्या. उणे १० सेल्सिअस. आता विहिरीशिवाय मला मोजताच येत नाही!

म्हणजे उणे १६ ला बाहेर तंबूत झोपलो तर कुडकुडणार, पण मरणार नाही. आणि आम्ही तर खोलीत झोपणार. लेहचा प्रश्न मिटला. पँगाँगला ती नक्की पुरणार नाही, उणे ११ म्हणजे आरामाच्या आकड्याच्या २५ फूट खाली. तिथं मुक्काम करावा की परत यावं यावर आम्हा चौघांत दोन-दोन मतं आहेत.

---

पारोळ्याचा माजी फौजी · दुपारी १२:५२

परत या. उंचीचाच त्रास पुरेसा असतो.

---

धुळेकर भो · दुपारी १:१५

मुक्काम करा भो. पँगाँगची पहाट बघितली नाही तर गेलात कशाला? वर दोन रजाया टाका.

---

साक्रीचा विद्यार्थी · दुपारी २:०७

एक शंका. टीव्हीवर सांगत होते की श्रीनगरचा पारा पुढच्या दोन दिवसांत ६ अंशांनी घसरणार. मामा अमेरिकेत असतात, त्यांना कळवायचं होतं. मी ६ गुणिले १.८ अधिक ३२ केलं, ४२.८. मामांना लिहिलं की ४२.८ अंश फॅरेनहाइटनं घसरणार. ते म्हणाले प्रलय येतोय का. काय चुकलं?

---

अमळनेरचे गुरुजी · दुपारी २:३०

पोरा, विहिरीत ६ पायऱ्या उतरलास तर किती फूट खाली गेलास? १०.८. त्यात ३२ कुठून आले? ३२ ही विहिरीची खोली आहे, कोणत्या जागी उभा आहेस हे सांगताना ती लागते. किती खाली सरकलास हे सांगताना नाही लागत.

करून बघ. समज आधी उणे २ होतं, मग उणे ८ झालं. उणे २ म्हणजे २८.४ फॅरेनहाइट. उणे ८ म्हणजे १७.६. दोन्हींतलं अंतर १०.८. मामांना सांग, १०.८ नं घसरणार. बातमीत 'वर येईल', 'खाली जाईल', 'इतक्या अंशांचा फरक' असं काही आलं की ३२ ला हात लावायचा नाही.

---

साक्रीचा विद्यार्थी · दुपारी २:४१

समजलं सर. पेपरात असं आलं असतं तर गेले असते दोन गुण.

---

जळगावची मेघा · दुपारी ३:१९

एवढा खटाटोप कशाला? अॅपच्या सेटिंगमध्ये सी चं एफ करा, सगळं आपोआप. मी तर तसंच करते.

---

नंदुरबारचा कारकून · दुपारी ३:३३

अॅप बदललं तरी बॅगेचं लेबल बदलत नाही ना मेघाताई. आणि भुसावळच्या ताईंच्या लेकीचा मेसेज, टीव्हीवरची बातमी, पुतण्याचा फोन. अॅपवर टिचकी मारायची पाळीच येत नाही.

शिवाय व्हॉट्सअॅपवर अंदाज टाकताना आमच्या एका सहलीवाल्यानं लिहिलं होतं "-9 - -16". कुणाच्या मोबाइलवर ओळ मधूनच तुटली, रेघ एका ओळीत आणि १६ दुसऱ्या ओळीत. त्यानं वाचलं १६. मी आता चिन्ह लिहितच नाही, 'उणे ९ ते उणे १६' असं अक्षरात लिहितो.

---

अमळनेरचे गुरुजी · सायंकाळी ५:०२

उत्तम सवय.

एक साधी पडताळणी सांगतो, मग मी थांबतो, बायको बाजाराची पिशवी घेऊन दारात उभी आहे. चार खुणा पाठ करा. काठाखाली दहा पायऱ्या: १४. वीस: उणे ४. तीस: उणे २२. चाळीस: उणे ४०. दर दहा पायऱ्यांना १८ फूट. चाळीसला दोन्ही मापांचा आकडा एकच येतो, तिथं सेल्सिअस की फॅरेनहाइट विचारायचंही कारण नाही.

उत्तर आलं की या खुणांमध्ये बसतंय का बघा. उणे १६ आहे, म्हणजे दहा आणि वीसच्या मध्ये, उत्तर १४ आणि उणे ४ च्या मध्येच यायला हवं. उणे ६०.८ आलं तर चूक. ६०.८ आलं तरी चूक. उणे २ आलं तर मात्र ही खूण पकडू शकत नाही, तेही मधेच बसतं, ३.२ ही बसतं. तिथं गणितच नीट करावं लागतं, पाठांतरानं भागत नाही.

---

चोपड्याचा किराणा · सायंकाळी ६:१४

दुकानाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवलं: चौदा, उणे चार, उणे बावीस, उणे चाळीस. गिऱ्हाईक विचारतंय हा कसला भाव आहे.

---

भुसावळची ताई · रात्री ९:५५

लेकीचा परत मेसेज आला. "आई, शनिवारी 10. आज बरं आहे."

दहा कसले ते तिनं लिहिलंच नाही. फॅरेनहाइट असेल तर २२ फूट खाली, बारा-सव्वाबारा पायऱ्या, म्हणजे उणे १२. आमच्यासाठी बदलून सेल्सिअसमध्ये लिहिलं असेल तर अधिक दहा, आपल्या भुसावळच्या कडाक्याच्या पहाटेसारखं. कोट एक घ्यायचा की दोन ते यावर ठरेल. विचारलंय, पण तिचा फोन आत्ता बंद आहे.